टीम चार्टर कसा लिहायचा: सात जणांचं दीड पान

शुक्रवारी संध्याकाळी सातच्या सुमारास आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला, "आज रात्री टाकूया का?" त्यावर दोन अंगठे पडले. एक कोल्हापूरच्या डिझायनरचा. ती तेव्हा एसटीत होती आणि तिच्या लेखी अंगठा म्हणजे 'वाचलं'. दुसरा माझा. मी एका लग्नात पंगतीत बसले होते आणि माझ्या मनात होतं, 'बरं, सोमवारी बोलू.' मेसेज टाकणाऱ्या पोराने दोन अंगठे मोजले आणि रात्री अकराला आमच्या सॉफ्टवेअरमधला नवा बदल रिलीज करून टाकला. शनिवारी सकाळी तीनशेच्या वर पेशंटना डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटची आठवण करून देणारा एसएमएस दोन-दोनदा गेला. काहींनी एक अपॉइंटमेंट सकाळची आणि एक संध्याकाळची समजून दवाखान्यात फोन लावले.

यातली खरी बोच वेगळीच होती. 'एकच मेसेज दोनदा जातो का, हे अजून तपासलेलं नाही,' असं आमच्या टेस्टरने मला गुरुवारीच सांगितलं होतं. पण फक्त मला, खासगीत. आणि मी म्हणाले होते, "बघते."

त्यानंतर दोन आठवड्यांनी आम्ही टीम चार्टर लिहिला. टीममधल्या लोकांनी आपसात केलेला लेखी ठराव, एवढाच त्याचा अर्थ: कुठे काय बोलायचं, कोण काय ठरवणार आणि पटलं नाही तर काय करायचं. आम्ही सात जण. टीम लीड म्हणून मी धरून चौघं पुण्यात, एक डेव्हलपर नागपूरला घरून काम करणारा, डिझायनर कोल्हापूरला, आणि क्लायंटकडचा प्रॉडक्ट मॅनेजर लंडनमध्ये. पहिल्यांदाच असं काही लिहायला बसणाऱ्याला उपयोगी पडावं म्हणून आम्ही ते कसं केलं, कुठे फसलो, ते क्रमाने सांगते.

आधी भांडणं गोळा करा

बहुतेक चार्टर 'आपली मूल्यं कोणती?' या प्रश्नापासून सुरू होतात आणि तिथेच मरतात. परस्पर आदर, पारदर्शकता, विश्वास. याला कोण नाही म्हणणार? पण शनिवारचा एसएमएस यातल्या एकाही शब्दाने थांबला नसता.

म्हणून बैठकीच्या चार-पाच दिवस आधी प्रत्येकाकडून गेल्या दोन-तीन महिन्यांतले तीन प्रसंग लिहून घ्या. आपण अडलो कुठे, चिडलो कुठे, किंवा 'हे मला आधी का नाही कळलं' असं कधी वाटलं. प्रत्येक प्रसंग दोन-तीन ओळींत, शक्यतो नावं न घेता. हे एकेकट्याने लिहायचं, एकत्र बसून नाही. बैठकीत थेट विचारलं तर सगळ्यात मोठ्या आवाजाच्या माणसाचे प्रसंग तेवढे फळ्यावर येतात. टीम अगदी नवी असेल आणि एकत्र भांडण झालंच नसेल, तर आधीच्या टीममधले प्रसंग चालतात. फक्त पहिले दोन-तीन आठवडे एकत्र काम होऊ द्या, म्हणजे लोकांना एकमेकांच्या सवयी थोड्या दिसलेल्या असतात.

आमच्याकडे अठरा प्रसंग आले. एकसारखे एकत्र केले तर आठच उरले, आणि त्या आठांतले पाच 'कुणी काहीतरी म्हणालं आणि दुसऱ्याने भलतंच समजून घेतलं' या एकाच घरातले निघाले. आपला चार्टर कुठे जाड हवा आणि कुठे एका ओळीचा चालेल, हे या ढिगावरूनच कळतं.

बैठका दोन ठेवा, दीड-दीड तासाच्या, मध्ये दोन-तीन दिवसांचं अंतर ठेवून. लिहिण्याचं काम टीम लीडने करू नये. ज्याच्या हातात पेन, त्याचेच शब्द कागदावर उतरतात. आमच्याकडे टेस्टरने लिहिलं आणि ते फार बरं झालं, कारण 'म्हणजे नक्की काय?' हे विचारण्याची तिला धंद्याचीच सवय. मी दोन्ही बैठकांत प्रत्येक मुद्द्यावर शेवटी बोलायचं, एवढं पथ्य पाळलं. पहिल्या दिवशी ते दोनदा मोडलं. दोन्ही वेळा माझ्यानंतर कुणी काही वेगळं बोललंच नाही.

भाषेबद्दल एक सांगते. पहिला मसुदा आम्ही ऑफिसच्या सवयीने इंग्रजीत सुरू केला होता. वीस मिनिटांत अर्धं पान भरलं आणि कुणाचा कशाला विरोध नव्हता. मग नागपूरचा म्हणाला, "आपण बोलतो त्या भाषेत लिहून बघू." मराठीत पहिली ओळ लिहायला अर्धा तास गेला, कारण प्रत्येक शब्दावर कुणीतरी अडत होतं. ते अडणंच आम्हाला हवं होतं. लंडनच्या माणसासाठी नंतर इंग्रजी प्रत केली.

प्रत्येक ओळीला आम्ही एकच कसोटी लावली: 'परवा मंगळवारी ही ओळ मोडली' असं बोट ठेवून म्हणता येईल का? 'वेळेवर उत्तर द्यावे' या ओळीबद्दल तसं म्हणता येत नाही. 'ग्रुपवर नाव घेऊन विचारलेल्या प्रश्नाला त्याच कामाच्या दिवशी उत्तर, निदान कधी सांगतो एवढं तरी' या ओळीबद्दल म्हणता येतं. कसोटीला न उतरलेली ओळ सुधारा, नाहीतर काढून टाका.

टीम कशासाठी आहे, याची एक ओळ वर लागते. तिच्यावर दहा मिनिटांहून जास्त घालवू नका. आमची ओळ होती, 'अपॉइंटमेंटची आठवण योग्य माणसाला, योग्य वेळी, एकदाच जावी.' त्यातला 'एकदाच' हा शब्द कुठून आला ते सांगायला नको.

बोलण्याचे ठराव

इथे आधी शब्दांचे अर्थ ठरवा, कुठल्या कामाला कुठलं ॲप हे नंतर. आमच्या यादीत चार गोष्टी होत्या.

अंगठा. एकेकाळी अंगठा म्हणजे सही होती, आता तो होकार आहे की पोच, ते ज्याचं त्याने समजायचं. आम्ही ठरवलं, अंगठा म्हणजे फक्त 'वाचलं'. होकार द्यायचा तर शब्दात, 'मान्य' असं लिहून.

'बघतो'. यावर सगळ्यात जास्त हशा झाला आणि सगळ्यात जास्त वेळही गेला. प्रत्येकाने आपल्या 'बघतो'चा खरा अर्थ सांगितला. एकाचा होता 'आज नक्की करतो', दुसऱ्याचा 'जमलं तर', आणि माझा, प्रामाणिकपणे सांगायचं तर, 'आत्ता विषय मिटव'. ठराव असा झाला की 'बघतो'ला तारीख जोडायची. तारीख नसेल तर समोरच्याने त्याचा अर्थ 'नाही' असा घ्यायचा आणि दुसरी सोय बघायची. 'होऊन जाईल' आणि 'करून टाकू' यांनाही हाच नियम, कारण या दोन्हींत करणारा कोण हेच कळत नाही.

खासगी मेसेज. कामाचा धोका सांगणारी कुठलीही गोष्ट एकाच माणसाच्या इनबॉक्समध्ये राहू द्यायची नाही. पण टेस्टरने सरळ सांगितलं, "ग्रुपवर लिहिलं की वाटतं, मी कुणाच्या कामात खोट काढतेय." हे खरं होतं. 'धीट व्हा' असं लिहून कुणी धीट होत नाही. मधला मार्ग निघाला तो असा: लीडला खासगीत सांगितलं तर चालेल, पण लीडने ती गोष्ट त्याच दिवशी ग्रुपवर मांडायची. सांगणाऱ्याचं नाव घ्यायचं की नाही, हे तो सांगणाराच ठरवेल. म्हणजे जबाबदारी माझ्यावर आली, आणि ती तिथेच असायला हवी होती.

चौथी गोष्ट वेळ. सगळे हमखास सापडतील असे दिवसाचे दोन-तीन तास ठरवायचे. बाकीच्या वेळात कुणी दोन तास डोकं खाली घालून काम करत असेल, तर त्याला उत्तर न देण्याची मुभा. आम्ही हे तास दुपारी २ ते ५ ठेवले. बैठक जुलैमध्ये झाली होती. तेव्हा लंडनला सकाळचे साडेनऊ वाजत होते, सगळं छान बसत होतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनची घड्याळं एक तास मागे गेली आणि आमच्या दोन वाजता तिकडे साडेआठच वाजायला लागले. आठवडाभर आम्ही कॉलवर त्याची वाट बघत बसलो आणि तो आपला लोकलमध्ये. परदेशातल्या माणसाबरोबर काम असेल तर उन्हाळी आणि हिवाळी, दोन्ही वेळा पहिल्यापासून लिहा. ब्रिटन आपल्यामागे उन्हाळ्यात साडेचार तास असतं, हिवाळ्यात साडेपाच.

तातडीसाठी एकच वाट ठेवा: फोन. मेसेजवर कितीही उद्गारचिन्हं असली तरी ती तातडी धरायची नाही. त्याबरोबर दुसरी बाजूही लिहा. रात्री आठनंतर फोन फक्त पेशंटना चुकीचं काही जात असेल तरच. तुमच्या कामात याच्या जागी दुसरं काही असेल, पण ते नेमकं लिहा. 'फक्त तातडीच्या वेळी' एवढंच लिहिलं तर प्रत्येकाची तातडी वेगळी निघते.

निर्णय: करून सांग, विचारून कर, मिळून ठरवू

गेल्या महिन्यात टीममध्ये झालेले दहा-बारा निर्णय फळ्यावर लिहा. बटणाचा रंग बदलला. कोडमधली एक जुनी लायब्ररी काढून नवी घेतली. एसएमएसची वेळ सकाळी आठऐवजी आदल्या संध्याकाळी केली. क्लायंटला तारीख दिली. रिलीजच्या आठवड्यात एकाने सुट्टी घेतली. मग प्रत्येकासमोर लिहा, हा निर्णय खरोखर कुणी घेतला. फळ्यावर निदान दोन-तीन ठिकाणी 'माहीत नाही' येईल. आमच्याकडे चार ठिकाणी आलं. त्या शुक्रवारच्या रिलीजसमोरही 'माहीत नाही'च होतं. ज्याने केलं त्याला वाटत होतं ग्रुपने ठरवलं, आणि ग्रुपला वाटत होतं अजून ठरायचंय.

मग निर्णयांच्या तीन टोपल्या केल्या. 'करून सांग' यात ज्याचं काम त्यानेच ठरवायचं आणि नंतर कळवायचं. 'विचारून कर' यातही ठरवणारा एकच, पण करण्याआधी ठराविक माणसांचं मत घेणं सक्तीचं. 'मिळून ठरवू' यात सगळ्यांची संमती लागते. कुठला निर्णय कुठल्या टोपलीत, यावर वाद झाला की आम्ही एकच प्रश्न विचारत होतो: हे उद्या मागे घेता येईल का? जेफ बेझोस यांनी ॲमेझॉनच्या भागधारकांना लिहिलेल्या २०१५ सालच्या पत्रात निर्णयांचे असेच दोन प्रकार केले होते, एकदा बाहेर पडलं की परत येता न येणारा दरवाजा आणि दोन्हीकडून उघडणारा दरवाजा. आमच्या बाबतीत गंमत अशी की आम्ही रिलीजला दोन्हीकडून उघडणारा दरवाजा समजत होतो, कारण कोड पाच मिनिटांत मागे घेता येतो. पण गेलेला एसएमएस मागे घेता येत नाही. म्हणून ठरलं, एसएमएसला हात लावणारं रिलीज 'विचारून कर' टोपलीत जाणार आणि टेस्टरच्या शब्दातल्या 'मान्य'शिवाय होणार नाही. फक्त स्क्रीन बदलणारं रिलीज मात्र 'करून सांग'.

'मिळून ठरवू' ही टोपली लहान ठेवा. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावची ग्रामसभा आपले निर्णय सर्वसहमतीने घेते, हे अनेकांनी वाचलं असेल. त्यातली कमी सांगितली जाणारी बाजू म्हणजे तिथले अभ्यासगट. विषय समजून घेण्याचं काम त्या गटांत होतं आणि निर्णय ग्रामसभेत होतो. समजून घेणं आणि ठरवणं यांना वेगळी जागा आणि वेगळा वेळ दिला, म्हणून सहमती परवडते. ऑफिसात आपण हे दोन्ही एकाच पाऊण तासाच्या कॉलमध्ये कोंबतो आणि मग शेवटच्या पाच मिनिटांत 'चालेल ना सगळ्यांना?' असं विचारतो. आम्ही या टोपलीत तीनच गोष्टी ठेवल्या: चार्टर बदलणं, टीममध्ये नवा माणूस घेताना आमचं मत देणं आणि कामाच्या वेळा. त्यांच्यासाठी नियम असा की माहिती आदल्या दिवशी लेखी फिरवायची आणि कॉलवर फक्त ठरवायचं.

गप्प बसण्याचं काय, हेही लिहा. 'मौनं संमतिलक्षणम्' आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की कुणी वेगळं लिहीत नाही. आमचा ठराव असा: विचारताना माणसाचं नाव आणि मुदत दोन्ही दिलेली असतील, उदाहरणार्थ 'उद्या दुपारी ४ पर्यंत', तरच मुदतीनंतरचं मौन होकार धरायचं. मुदत निदान एका कामाच्या दिवसाची हवी. आणि एसएमएसच्या रिलीजमध्ये मौन कधीच होकार नाही.

झालेले निर्णय एका साध्या शीटमध्ये उतरवा. पाच रकाने पुरतात: तारीख, काय ठरलं, कुणी ठरवलं, का, वेगळं मत. बहुतेक टीम पहिले तीन भरतात आणि चौथा रिकामा ठेवतात. पण तीन महिन्यांनी भांडण होतं ते 'का'वरून. 'हे असं का केलंय?' याला उत्तर नसलं की जुना निर्णय मूर्खपणाचा वाटतो आणि नवा माणूस तो उलटवून टाकतो.

पटलं नाही तर

हा भाग लिहिताना टीम गप्प होते. आमचीही झाली. कुणीतरी म्हणालंच, "आपल्यात कुठे वाद होतात?" वाद होत नव्हते हे खरं, पण टेस्टर गुरुवारी गप्प बसली होती. मतभेदाचा नियम लिहायचा तो अशा गप्प बसणाऱ्यांना समोर ठेवून. तावातावाने भांडणारे तसेही आपली वाट काढतात.

आमचा क्रम असा ठरला. हरकत घ्यायची ती निर्णय होण्याआधी, आणि 'मला पटत नाही' एवढ्यावर न थांबता 'कारण यामुळे अमुक होईल' हे जोडून. मेसेजवर दोनदा इकडून तिकडे झालं की लिहिणं बंद, फोन करायचा. हा एक नियम एरवी कुठलाच चार्टर नसलेल्या टीमलाही आजपासून लावता येईल. तिसऱ्या मेसेजपासून माणूस मुद्दा सोडून सूर वाचायला लागतो. कॉल अर्ध्या तासाचा. सुरुवातीला प्रत्येकाने दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं आणि समोरचा 'हो, हेच' म्हणाल्यावरच स्वतःचं मांडायचं. तरीही मिटलं नाही, तर ज्याच्या टोपलीतला निर्णय, त्याने चोवीस तासांत ठरवायचं आणि शीटमध्ये लिहायचं. न पटलेल्याचं मत पाचव्या रकान्यात त्याच्याच शब्दांत जाणार. त्यानंतर काम सगळ्यांनी सारखंच करायचं, आणि नवी माहिती आल्याशिवाय तो विषय पुन्हा काढायचा नाही.

एक भोक मात्र आम्हाला पहिल्या मसुद्यात दिसलंच नाही. वाद लीडशीच असेल तर? मग मीच पक्षकार आणि मीच न्यायाधीश. दुसऱ्या बैठकीत सगळ्यात ज्युनियर मुलाला मी त्याचं मत विचारलं, तर तो म्हणाला, "मॅम, तुम्ही म्हणाल तसं." तेव्हा ते भोक लक्षात आलं. मग शेजारच्या टीमच्या लीडला विचारून त्याचं नाव तिथे घातलं. लीडशी वाद मिटला नाही, तर दोन्ही बाजू त्याच्यापुढे अर्धा तास मांडायच्या आणि त्याचं म्हणणं मी मानायचं.

सप्टेंबरमध्ये त्याचा उपयोग झाला. नवीन रिपोर्टसाठी मी लंडनला १५ तारीख दिली. नागपूरचा म्हणाला, जमणार नाही. दोन मेसेज झाले, तिसऱ्याऐवजी त्याने फोन केला. मी त्याचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगायला लागले, "तुला वाटतं काम जास्त आहे." तो म्हणाला, "नाही, हे नाही. काम तेवढंच आहे. पण दवाखान्यांकडून जुना डेटा १० तारखेच्या आत येत नाही, आणि तो आल्याशिवाय तपासता येत नाही." मी चार दिवस भलत्याच मुद्द्यावर वाद घालत होते. तरी तारीख बदलायला माझी तयारी नव्हती. शेवटी शेजारच्या लीडकडे गेलो. त्याने सुचवलं, १५ला रिपोर्ट नव्या डेटावरच द्या, जुना डेटा महिनाअखेरीला. शीटमध्ये ओळ अशी पडली: '९ सप्टेंबर. रिपोर्ट १५ला फक्त नव्या डेटावर, जुना ३०ला. ठरवलं: बाहेरचा लीड. का: जुना डेटा १०च्या आत मिळत नाही. वेगळं मत: लीडला अर्धा रिपोर्ट दाखवणं कमीपणाचं वाटतं.' ते शेवटचं वाक्य माझं. आजही ते तिथेच आहे.

या भागाला एक हद्द आहे, ती चार्टरमध्ये स्पष्ट लिहा. छळ, धमकी, जात किंवा लिंगावरून बोलणं हे मतभेद नव्हेत आणि 'आधी आपसात फोन करून बघा' हा नियम त्यांना लागू करणं घातक आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे त्या कायद्यानुसार अंतर्गत समिती असावी लागते. चार्टरमध्ये एवढंच लिहायचं की अशा तक्रारी टीममध्ये मिटवायच्या नाहीत, थेट समितीकडे जायचं, आणि समितीचा ईमेल तिथेच द्यायचा. पगार, बढती, सुट्ट्यांचे दिवस हेही चार्टरमध्ये घेऊ नका, कारण ते ठरवण्याचा अधिकार टीमला नाही.

मंजुरी आणि तपासणी

मसुदा दीड पानावर थांबवा. आमचा पहिला चार पानांचा झाला होता. ज्या ओळीमागे गोळा केलेला एकही प्रसंग नव्हता, ती काढत गेलो तेव्हा दीड पान उरलं.

मंजुरीआधी जुना प्रसंग त्यातून पळवून बघा. आम्ही तो शुक्रवार पुन्हा पहिल्यापासून वाचला. गुरुवारी टेस्टर मला सांगते, म्हणजे मी त्याच दिवशी ग्रुपवर मांडते. शुक्रवारी 'टाकूया का?' येतं, पण त्यात नाव नाही, मुदत नाही, म्हणून मौन मोजायचं नाही. दोन अंगठे म्हणजे दोघांनी वाचलं. एसएमएसचं रिलीज, टेस्टरचं 'मान्य' नाही, म्हणजे थांबायचं. तीन ठिकाणी अडलं असतं. तुमचा प्रसंग एकाही ठिकाणी अडत नसेल, तर मसुदा अजून तयार नाही.

मंजुरीसाठी आम्ही बोटं वापरली. 'एक-दोन-तीन' म्हणून सगळ्यांनी एकदम हात वर करायचा, लांबच्यांनी कॅमेऱ्यासमोर. पाच बोटं म्हणजे पूर्ण मान्य, तीन म्हणजे निभावेल, मूठ म्हणजे अजिबात नको. दोन किंवा कमी बोटं दाखवणाऱ्याला एवढंच विचारायचं, 'काय बदललं तर तीन होतील?' एकदम दाखवण्याला महत्त्व आहे, नाहीतर धाकटे थोरल्यांची बोटं मोजून आपली उघडतात. आमच्याकडे कोल्हापूरची दोन बोटं आली. रात्री आठनंतर फोन नको, हे तिला पुरेसं नव्हतं. तिचं मूल लहान, सहा ते आठ हीच तिची अडचणीची वेळ. तिच्यापुरती ती वेळ ओळीत घातली आणि तीन बोटं झाली. लंडनच्या माणसाने फक्त बोलण्याचा भाग मान्य केला, निर्णयाचे अधिकार त्याच्या कंपनीच्या हातात. तसं खाली लिहिलं.

पहिली तपासणी सहा आठवड्यांनी ठेवा, पुढच्या तिमाहीने पुरतात. तपासणीत दोनच प्रश्न: कुठली ओळ मोडली आणि कुठली कधी लागलीच नाही. मोडणाऱ्याला दोष द्यायची घाई नको. एकच ओळ तिघांनी मोडली असेल तर बहुधा ओळच चुकलेली असते. आमची 'त्याच दिवशी उत्तर' ही ओळ तशीच निघाली. सकाळी खोल कामात असलेल्यांना ती जमत नव्हती, म्हणून 'पुढच्या दुपारी २ ते ५ मध्ये' अशी बदलली.

चार्टर मेला हे कसं ओळखायचं? वादात कुणी त्यातली ओळ काढतच नाही, शीटमध्ये तीन आठवडे नवी ओळ पडत नाही, किंवा पाचवा रकाना महिनोन्‌महिने रिकामा असतो. सहा-सात माणसांत इतके दिवस कुणाचंच वेगळं मत नसेल, तर ती मतं खासगी मेसेजमध्ये गेलेली असतात. याच्या उलट खूणही आहे. कुणी फक्त दुसऱ्याला पकडायला चार्टर काढत असेल, तर लीडने तेव्हाच थांबवावं.

नवा माणूस आला की त्याला चार्टर वाचायला देऊन सही मागू नका. आठवडाभर काम करू द्या आणि मग विचारा, 'यातली कुठली ओळ आम्ही पाळत नाही?' जानेवारीत आलेल्या मुलीने तिसऱ्याच दिवशी विचारलं, "अंगठा म्हणजे वाचलं ना? मग काल तुम्ही माझ्या सुट्टीच्या मेसेजवर अंगठा दिलात, ती सुट्टी मिळाली की नाही?" मी 'मान्य' असं टाइप केलं.